तळमजल्यावरच्या सोळा खांबांची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

26 जानेवारी 2001 ची सकाळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. भूकंप झाला कच्छमध्ये, पण तिथून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बहुतेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. ज्या नकाशानुसार आपण इतकी वर्षं इमारती बांधत आलो, त्यात अहमदाबाद आणि मुंबई दोन्ही एकाच, म्हणजे तिसऱ्या भूकंपक्षेत्रात आहेत. म्हणून आज फक्त अशा मोकळ्या तळमजल्याच्या, म्हणजे स्टिल्टवाल्या इमारतींबद्दल बोलतो.

वरच्या मजल्यांवर खोल्याखोल्यांच्या विटांच्या भिंती असतात. त्या कॉलमना चिकटून त्यांना धरून ठेवतात, त्यामुळे वरचे मजले एका घट्ट खोक्यासारखे हलतात. खाली मात्र नुसते कॉलम. जमीन आडवी हलली की सगळं वाकणं त्या एकाच मजल्यात गोळा होतं. याला सॉफ्ट स्टोरी म्हणतात. तळमजल्यावर दुकानं असतील आणि कुणी गाळा मोठा करायला मधल्या भिंती काढल्या असतील, तर तिथेही हीच अवस्था होते. फक्त ती बाहेरून दिसत नाही.

मुलुंडमधल्या एका सोसायटीचं उदाहरण घेऊ. स्टिल्ट अधिक चार मजले, बांधकाम 1980 च्या दशकातलं, खाली सोळा कॉलम, प्रत्येक नऊ इंच बाय अठरा इंच. वरच्या चार मजल्यांचं वजन धरा हजार टन. अशा जुन्या बांधणीसाठी तिसऱ्या क्षेत्रात आडवा धक्का येतो वजनाच्या साधारण साडेसहा टक्के, म्हणजे 65 टन. सोळा कॉलमांत वाटला तर प्रत्येकी चार टन. पण 2002 च्या भारतीय मानकाने मोकळ्या तळमजल्याचे कॉलम अडीचपट जोरासाठी धरायला सांगितलं, म्हणजे दहा टन. 1980 च्या दशकातल्या इमारतीत हा हिशेब कुणी केलेलाच नसतो.

आता मेजरिंग टेप घेऊन खाली उतरा आणि प्रत्येक कॉलमची लांब बाजू कुठल्या दिशेला आहे ते कागदावर मांडा. अठरा इंची बाजूच्या दिशेने कॉलम जेवढा ताठ असतो, त्याच्या जवळपास एक चतुर्थांशच तो नऊ इंची बाजूच्या दिशेने असतो. या सोसायटीत सोळाही कॉलमांची लांब बाजू पूर्व-पश्चिम होती, गाड्या नीट लागाव्यात म्हणून. उत्तर-दक्षिण धक्क्याला ही इमारत फारच दुबळी.

मग तडे बघा. भिंत आणि बीम जिथे भेटतात तिथली सरळ बारीक रेघ बहुतेक वेळा प्लास्टरची असते, तिला घाबरू नका. कॉलमवर सळईच्या रेषेत उभा तडा आणि तांबूस डाग दिसला, तर आत सळई गंजून फुगते आहे. आपल्या खाऱ्या हवेत हे फार होतं. आणि कॉलमच्या डोक्याशी, बीमच्या खाली, तिरपा तडा दिसला तर थांबू नका, त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. सोसायट्या जे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतात, ते बहुधा गंज, गळती आणि काँक्रीटची ताकद तपासतं. इमारत आज उभी राहील का, याचं उत्तर त्यातून मिळतं. आडव्या धक्क्याला काय होईल, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो लेखी विचारावा लागतो. त्यासाठी आयएस 15988 हे स्वतंत्र मानक आहे, कामाच्या पत्रात त्याचा उल्लेख करा.

मुलुंडच्या इमारतीवर उपाय असा: बाहेरच्या ओळींत निवडक ठिकाणी दोन कॉलमांमधली मोकळी जागा आरसीसी भिंतींनी भरायची, दोन्ही दिशांना, समोरासमोर. एकाच कोपऱ्यात भिंत घातली तर इमारत धक्क्यात पिळवटते. भिंतीला स्वतःचा पाया हवा आणि ती कॉलम-बीमला सळयांनी बांधलेली हवी. अर्धी, कमरेपर्यंतची भिंत तर मुळीच नको, तिच्यामुळे कॉलमचा उरलेला आखूड भाग मोडतो. यात चार गाड्यांची जागा जाते आणि सभेत भांडण तिथेच होतं. माझ्या मते ती जागा द्यावी.

उरलेल्या कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या सळया आणि सुमारे चार इंच काँक्रीट. नव्या सळया खाली पायात रुजायला हव्यात आणि वर स्लॅब भेदून जायला हव्यात. त्या स्लॅबखालीच संपल्या, तर कॉलम जाड दिसतो, पण सांध्याशी दुबळाच राहतो. काँक्रीट ओतण्याआधी सळयांभोवतीच्या रिंगा स्वतः बघा. रिंगेची टोकं काटकोनात वळवून सोडलेली असतील तर धक्क्यात ती उघडतात. टोकं आत, कॉलमच्या पोटाकडे तिरपी वळलेली हवीत आणि कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांजवळ दोन रिंगांमधलं अंतर चार इंचांपेक्षा जास्त नको. ते दिसेपर्यंत फळ्या लावू देऊ नका.