लांबलेला सिनेमा, गुंडाळलेला शेवट

मित्रहो, इंटरव्हलला समोशाच्या रांगेत उभं राहिलं की परीक्षण फुकटात ऐकायला मिळतं. "फारच लांबवलाय" असं तिथे म्हणणारा माणूसच सिनेमा सुटल्यावर पार्किंगमध्ये म्हणतो, "शेवट मात्र गुंडाळला राव." आपण हसतो. मला विचाराल तर त्याच्या दोन्ही तक्रारी खऱ्या असतात, आणि पुष्कळदा त्यांचं मूळ एकच असतं.

नाशकात बोलतोय, तर फाळक्यांना वळसा घालून कसं चालेल? 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' सुमारे 3,700 फुटांचा होता. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात सोळा चौकटी मावतात. सेकंदाला सोळा चौकटी या गतीने दाखवला तर तो तासाभराचा होतो, चोवीसच्या गतीने एक्केचाळीस मिनिटांत संपतो. मूकपटांच्या काळात हँडल फिरवणाऱ्याच्या हातावर सिनेमाची लांबी ठरायची. आता घड्याळ पक्कं आहे, तरी 110 मिनिटांचा सिनेमा संपता संपत नाही आणि तीन तासांचा कधी संपला ते कळत नाही.

रिडली स्कॉटचा 'किंगडम ऑफ हेवन' घ्या. 2005 मध्ये तो थिएटरात आला तेव्हा 144 मिनिटांचा होता. पुढे दिग्दर्शकाची आवृत्ती आली, ती जवळजवळ पाऊण तासाने मोठी. छोट्या आवृत्तीत जेरुसलेमचा कुष्ठरोगी राजा मरतो, त्याची बहीण सिबिला लगेच आपल्या नवऱ्याला, त्या उतावळ्या गीला, राजा करते आणि राज्य युद्धात लोटलं जातं. पुढे तीच सिबिला खचून केस कापून टाकते. का? प्रेक्षकाला कळत नाही. कारण तिचा लहान मुलगाच सिनेमातून कापलेला आहे. मोठ्या आवृत्तीत मामानंतर हा मुलगा गादीवर बसतो, त्यालाही तोच रोग झाल्याचं तिच्या लक्षात येतं आणि आपल्या भावाच्या वाट्याला आलं ते याच्या वाट्याला नको म्हणून आई स्वतः त्याला विष देते. मगच मुकुट नवऱ्याकडे जातो.

आता छोट्या आवृत्तीत काय होतं पाहा. राज्य हातातून जातं तो मधला भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो, कारण निर्णयामागचं कारणच गेलेलं आहे. आणि त्यानंतरचा जेरुसलेमचा वेढा लांबलचक वाटतो, कारण भिंतीच्या आतल्या माणसांत आपला जीव अडकलेला नसतो. कात्री मधल्या अंकात चालली, कंटाळा तिसऱ्या अंकात आला. एडिटिंग टेबलावर हे सहज फसवतं: प्रेक्षक जिथे चुळबुळ करतो तिथेच दुखणं आहे असं समजून वेढाच आणखी कापायचा मोह होतो.

आपल्याकडे यात इंटरव्हलची भर पडते. अडीच तासांच्या सिनेमात मध्यंतर पंचाहत्तराव्या मिनिटाच्या आसपास येतं. नायक ज्या पेचात अडकणार तो पस्तीस-चाळीस मिनिटांत उभा राहिला, तर मध्यंतरापर्यंत तो पिळायला तेवढाच वेळ मिळतो. ओळखपाळख, विनोदी मित्र आणि दोन गाणी यांत पंचावन्न मिनिटं गेली, तर पेच जेमतेम वीस मिनिटांचा उरतो. राहिलेलं सगळं मध्यंतरानंतर कोंबायचं. त्यात थिएटरला दिवसाचे खेळ बसवायचे असतात, म्हणून निर्माता म्हणतो दहा मिनिटं काढा. पहिल्या भागातली गाणी आधीच गाजलेली असतात, त्यांना हात लागत नाही. कात्री पुढेच चालते. पार्किंगमधल्या त्या माणसाची तक्रार बहुधा इथे जन्मते.

'सैराट' 174 मिनिटांचा आहे. चारही गाणी गावाकडच्या भागात होऊन जातात आणि हैदराबादला पोचल्यावर गती एकदम मंदावते. झोपडपट्टी, कामधंदा, भांडण, संशय, पुन्हा जुळणं. हा भाग रेंगाळतो असं अनेकांनी मला ऐकवलंय. त्यातले एक-दोन प्रसंग थोडे आधी सुटले असते तर चाललं असतं, हे मीही मानतो. पण हा संसार पंधरा मिनिटांत आटोपला असता तर अखेरच्या नि:शब्द प्रसंगात आपण फक्त दचकलो असतो. तिथे हळहळायला त्या दोघांचं घर आधी आपल्या ओळखीचं व्हावं लागतं, आणि ओळखीला वेळ लागतो.

मग कापायचं काय? मी प्रत्येक प्रसंगाची एकेक ओळ कागदावर लिहितो आणि दोन ओळींच्या मध्ये "म्हणून" किंवा "पण" बसतं का ते पाहतो. नुसतं "आणि मग" बसत असेल तर तिथे पेन्सिलची खूण. सलग तीन-चार खुणा आल्या की तो पट्टा प्रेक्षकाला लांब वाटणार. दोन प्रसंग एकच गोष्ट सांगत असतील तर त्यातला दुबळा काढतो. उलट "म्हणून" बसतं पण त्याचं कारण आधीच्या कुठल्याच ओळीत सापडत नाही, तिथे काहीतरी जास्त कापलं गेलंय. तो प्रसंग परत घालायचा, लांबी चार मिनिटांनी वाढली तरी. ही परीक्षा गाण्यांना आणि निव्वळ वातावरणाच्या प्रसंगांना लागू पडत नाही. ते अनोळखी माणसांसोबत बसूनच तपासावे लागतात, आणि तेव्हा पडद्याकडे न पाहता मोबाइल कुठे-कुठे उजळतात ते पाहायचं. मात्र खूण तिथे करायची नाही, पाच-दहा मिनिटं मागे जाऊन शोधायचं.