आगगाडीचं कार्ड कुठल्या रकान्यात?

नमस्कार श्रोतेहो.

आज एका निबंधाबद्दल बोलणार आहे. निबंध माझ्या भाचीचा. आठवीपर्यंत ती सांगलीत मराठी शाळेत शिकली. वडिलांना इंग्लंडमध्ये नोकरी लागली आणि सप्टेंबरात ती लेस्टर शहरातल्या शाळेत नववीच्या वर्गात बसली. वर्षाच्या शेवटी तिथल्या बाईंनी तिला विषय दिला: ब्रिटिश राजवट तू दोन देशांत शिकलीस, तर दोन्हीकडे ती कशी शिकवली जाते ते लिही. तिने शाळेसाठी तो इंग्रजीत लिहिला आणि मग माझ्यासाठी मराठीत. मी इतिहासाची शिक्षिका, त्यामुळे लाल पेन घेऊनच बसले होते. दुसऱ्या पानावर पेन खाली ठेवलं.

निबंधात बरंच काही आहे, पण मी तुम्हाला त्यातली एकच गोष्ट सांगणार आहे. आगगाडीच्या कार्डाची.

झालं असं. लेस्टरच्या वर्गात ब्रिटिश साम्राज्याचा धडा चालू होता. बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे साम्राज्याचे फायदे, उजवीकडे तोटे. प्रत्येक मुलाला एकेक कार्ड दिलं. कुणाच्या कार्डावर दुष्काळ, कुणाच्या शाळा, कुणाच्या मिठावरचा कर. उठायचं, आपलं कार्ड योग्य रकान्यात चिकटवायचं आणि बसायचं. भाचीच्या हातात कार्ड आलं आगगाडीचं. वर्गातली निम्मी मुलं ती जागेवरून उठायच्या आतच म्हणाली, डावीकडे, डावीकडे.

ती फळ्यापाशी गेली आणि थांबली. तिला आपलं आठवीचं पुस्तक आठवलं. तिसरा धडा, ब्रिटिश सत्तेचे परिणाम. व्यापार वाढावा आणि कारभार सोपा व्हावा म्हणून ब्रिटिशांनी दळणवळणाच्या सोयी केल्या, आणि १८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. दादाभाई नौरोजीही आठवले, आर्थिक निःसारण आठवलं. दोन गुणांसाठी पाठ केलेलं उत्तर ओठांवर आलं. तिने कार्ड उजवीकडे लावलं आणि म्हणाली, आगगाडी आमच्यासाठी नव्हती, आमचा पैसा बाहेर न्यायला होती.

बाईंनी शांतपणे एकच प्रश्न विचारला. तुला हे कशावरून माहीत?

ती म्हणाली, आमच्या पुस्तकात आहे.

बाई म्हणाल्या, पुस्तकाला कशावरून माहीत?

श्रोतेहो, या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तिने कार्ड काढलं, मधल्या रेघेवर लावलं आणि जागेवर येऊन बसली. त्या रात्री मला फोन आला. आपल्याकडे साडेबारा वाजले होते. "मावशी, झोपलीस का गं? आगगाडीचे पैसे कोणी भरले?"

हाच प्रश्न लक्षात ठेवा. पैसे कोणी भरले?

मी उठून बसले, वही घेतली, आणि आम्ही दोघींनी फोनवरच हिशेब मांडला. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या विलायती कंपनीशी करार केला. आपली मुंबई-ठाणे गाडी याच कंपनीची. जमीन सरकारने फुकट द्यायची, ९९ वर्षांसाठी. आणि भागधारकांनी जो पैसा घातला, त्यावर दरसाल ५ टक्के परताव्याची हमी सरकारने द्यायची. रेल्वेला नफा होवो न होवो.

मी तिला म्हटलं, समज, लंडनमधल्या एका माणसाने १०० रुपये घातले. त्याला वर्षाला ५ रुपये मिळणारच. रेल्वेने कमावले ३, तर उरलेले २ कुठून येणार? ती म्हणाली, सरकारी तिजोरीतून. मी विचारलं, तिजोरीत पैसा कुठला? थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "शेतसाऱ्याचा. मिठावरच्या कराचा." बरोबर. भागधारक जवळपास सगळे विलायतेतले, आणि तूट भरून काढणारा इथला शेतकरी, ज्याने गाडी कदाचित पाहिलीही नव्हती.

याचा आणखी एक परिणाम झाला, आणि तो तिच्या फार लवकर लक्षात आला. परतावा ठरलेलाच असेल तर काटकसर कोण करील? भारत सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे हेच सांगितलं. ५ टक्क्यांची हमी असल्यावर, आपले पैसे हुगळीत फेकले काय किंवा विटा-चुन्यात घातले काय, भांडवलदाराला सारखंच. हे आपल्या कुठल्या पुढाऱ्याचं म्हणणं नाही. ब्रिटिश राजवटीचा खजिना सांभाळलेल्या माणसाची ही साक्ष आहे. पुस्तकाला कशावरून माहीत, या प्रश्नाचं उत्तर हे. अशा साक्षींवरून.

रात्रीचा दीड वाजला. तिने कच्चा मसुदा वाचून दाखवला, त्यात एक वाक्य होतं: रेल्वेने भारताचं कायम नुकसानच केलं. ते मी खोडायला लावलं. हमीची ही पद्धत पहिल्या टप्प्याची. १८६९ नंतर सरकार स्वतःही रेल्वे बांधू लागलं, आणि १९०० च्या सुमारास रेल्वेतून सरकारला एकंदरीत उत्पन्न मिळू लागलं. जेवढं कागद सांगतो तेवढंच लिहायचं. ती थोडी नाराज झाली, पण खोडलं.

पुढच्या तासाला ती दोन उतारे घेऊन गेली. एक मॅसी यांचा, दुसरा गव्हर्नर जनरल डलहौसी यांचा. पहिली गाडी बोरीबंदरहून सुटली १६ एप्रिल १८५३ ला, १४ डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, ३४ किलोमीटरचा प्रवास. त्यानंतर चौथ्याच दिवशी, २० एप्रिलला, डलहौसींनी लंडनला पाठवायचं टिपण लिहिलं. त्यात ते म्हणतात की इंग्लंड कापसासाठी हाका मारतंय. हिंदुस्थान तो काही प्रमाणात पिकवतोच, आणि बंदरापर्यंत नेण्याची सोय झाली तर भरपूर पिकवील. बाईंनी दोन्ही उतारे वर्गात वाचून घेतले. मग आगगाडीचं कार्ड परत तिच्या हातात दिलं आणि विचारलं, आता कुठे? तिने कार्ड फाडून दोन तुकडे केले. "धावणारी गाडी" असं लिहून एक डावीकडे लावला, "गाडीचा करार" असं लिहून दुसरा उजवीकडे.

ही गोष्ट मी गेल्या सहा महिन्यांत किती जणांना सांगितली असेल, सांगता येत नाही. प्रत्येक वेळी मला त्या मुलीचा तितकाच अभिमान वाटतो.

आता निबंधातली तुलना थोडक्यात सांगते. आपल्या राज्य मंडळाच्या शाळेत आठवीच्या प्रत्येक मुलाला ब्रिटिश राजवट शिकावीच लागते, युरोपीय लोक आले तिथपासून स्वातंत्र्यापर्यंत. इंग्लंडमध्ये तसं नाही. तिथे ११ ते १४ या वयासाठी १७४५ ते १९०१ या काळाचा एक मोठा मथळा अभ्यासक्रमात आहे, त्यात साम्राज्य हा शब्दही आहे, पण भारत हे फक्त उदाहरण. शाळेने घेतलं तर घेतलं. त्या टप्प्यावर नावानिशी सक्तीचा प्रसंग एकच, ज्यूंचा नरसंहार. शिवाय अनेक शाळांवर हा राष्ट्रीय अभ्यासक्रम बंधनकारकच नाही, आणि १४ व्या वर्षानंतर इतिहास सोडताही येतो. म्हणजे ज्या देशाने राज्य केलं, तिथलं एखादं मूल डलहौसींचं नावही न ऐकता शाळेतून बाहेर पडू शकतं.

पण ज्या मुलाला तो धडा मिळतो, त्याला उतारा मिळतो. कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कितपत उपयोगी, हे विचारलं जातं. आपल्या आठवीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा इतिहासाची साधने हा आहे. भौतिक साधने, लिखित साधने, सगळं त्यात नीट सांगितलंय. भाची लिहिते: "पहिल्या धड्यात आम्हाला किल्ली दिली आणि पुढे एकही कुलूप दिलं नाही." इथे मी पेन खाली ठेवलं होतं. कारण मी सव्वीस वर्षं तो भाग असाच शिकवला आहे. सकारण स्पष्ट करा म्हटलं की मुलं पुस्तकातलं कारण लिहितात, आणि मी बरोबरची खूण करते.

याला आम्हा शिक्षकांइतकीच अपेक्षित प्रश्नांची ती पुस्तकंही जबाबदार आहेत. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुण, म्हणून घराघरांत इतिहास शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. पालकांनो, हे थांबवा. आणि मुलांना घेऊन पुण्याहून मुंबईला जाल तेव्हा एकदा तरी द्रुतगती मार्ग सोडा, गाडीने जा, आणि खंडाळ्यानंतर त्यांना खिडकीशी बसवा. त्या बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला संपलं. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. पटकी आणि तापाने तिथे हजारो मजूर गेले, आणि १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून त्यांनी दंगाही केला. हे मजूर दोन्ही अभ्यासक्रमांत नाहीत. ना डाव्या रकान्यात, ना उजव्या.

तर मूळ मुद्दा. पैसे कोणी भरले? भाचीच्या मते हा प्रश्न दोन्ही वर्गांत राहून जातो. आपल्याकडे उद्देश सांगितला जातो, हिशेब नाही. तिकडे उतारा दिला जातो, पण फायदे-तोट्यांच्या रकान्यात गाडी फुकट मिळाल्यासारखी दिसते.

निबंधाच्या शेवटी तिने आपल्या आठवीसाठी एक स्वाध्याय तयार केलाय. डलहौसींचा उतारा आणि खाली तीन प्रश्न: कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, आणि पैसे कोणी भरले? मागच्या महिन्यात मी तो माझ्या वर्गात दिला. करार ९९ वर्षांचा होता हे सांगितल्यावर एका मुलीने हात वर केला. "बाई, मग ती गाडी आपली कधी झाली?" मी सांगितलं, ९९ वर्षं थांबावं लागलं नाही, १९०० साली सरकारने ती रेल्वे कंपनीकडून विकत घेतली.

मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "कोणाच्या पैशांनी?"