आधी बंद, मग हात

नमस्कार श्रोतेहो. सुरुवातीलाच एक पाटी वाचून दाखवतो, नीट ऐका. "मुख्य विद्युत पुरवठा खंडित केल्याशिवाय यंत्राच्या अंतर्गत भागात हात घालण्यास सक्त मनाई आहे." वाक्यात चूक काहीच नाही. पण सावकाश वाचलं तर सहा-सात सेकंद जातात, आणि ही पाटी ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडे दोनच सेकंद असतात. दोन सेकंद. हा आकडा लक्षात असू द्या.

जळगावच्या एमआयडीसीतला प्लास्टिक चटईचा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. मे महिना, रात्रपाळी. शेडचा पत्रा दिवसभर तापलाय, तो अजून निवलेला नाही. कोपऱ्यात ग्राइंडर चालू आहे. वरून हॉपरमध्ये चटईच्या कडा आणि खराब माल टाकायचा, आतल्या रोटरवरची पाती त्याचे तुकडे करतात आणि खालच्या जाळीतून चुरा पडतो. कधीतरी एखादी लांब पट्टी कापलीच जात नाही. चातीवर सूत गुंडाळावं तशी ती रोटरच्या टोकाला गुंडाळत जाते. मोटर घुमायला लागते, आवाज जड होतो.

ऑपरेटर आप्पा खांबापलीकडच्या पॅनेलवरचं लाल बटण दाबतात आणि पाना आणायला जातात. हेल्पर पोरगा बिहारहून दोन महिन्यांपूर्वी आलेला. मशीन बंद झालं हे त्यानं पाहिलंय. तो झाकण वर करतो, समोर पट्टीचं टोक लोंबतंय. झाकणाच्या वर तीच लांबलचक पाटी. त्याची नजर एका शब्दावर थांबते, "हात". शेजारी हाताचं काळं चित्र. त्या चित्रावर एकेकाळी लाल गोल आणि लाल आडवी रेघ होती. फ्लेक्सवरचा लाल रंग उन्हानं बहुतेक आधी उडतो, काळा टिकतो. शेजारच्या खिडकीतून दोन उन्हाळे ऊन आलं, रेघ पुसली गेली आणि हात तेवढा राहिला. मनाई करणारी पाटी आता "हात इथे" असं सांगते आहे. पोरगा हात घालतो.

तेवढ्यात दुसऱ्या मशीनवरचा माणूस पॅनेलजवळून जातो. ग्राइंडर बंद का, म्हणून त्याचं बोट हिरव्या बटणाकडे जातं. खांबाआडून पोरगा त्याला दिसत नाही. आप्पा पाना घेऊन वळतात आणि जिवाच्या आकांतानं ओरडतात, "ए, हात आत आहे! बंदच ठेव!" बोट थांबतं.

आता आप्पांची हाक पुन्हा ऐका. "हात आत आहे. बंदच ठेव." खंडित नाही, अंतर्गत नाही. जीव वाचवायची वेळ आली की माणूस जे बोलतो, तेच पाटीवर लिहायचं असतं. आणि आप्पांची पाटी हॉपरवर लागत नाही, ती पॅनेलवर लागते. कारण "बंदच ठेव" हे हात घालणाऱ्याला सांगायचं नसतं, बटण दाबणाऱ्याला सांगायचं असतं. एका पाटीत दोघांना सांगायला गेलो म्हणून ती लांबली.

तर त्या जुन्या पाटीच्या दोन पाट्या करू या.

पहिली हॉपरच्या झाकणावर. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो: घालू नये, मनाई आहे. घाईत शेवट वाचला जात नाही, नाहीतर त्यावर नेमकं ग्रीस लागलेलं असतं. म्हणून नकार काढायचा आणि करायचं ते आधी लिहायचं. "आधी बंद. मग हात." एवढं पुरे का? नाही. घरच्या मिक्सरचं बटण बंद केलं तरी पातं लगेच थांबत नाही, हे आपल्याला माहीत आहे. ग्राइंडरचा रोटर तर कितीतरी जड, तो बंद केल्यावरही फिरत राहतो. शेजारची मशीनं चालू असली तर त्याचा आवाजही ऐकू येत नाही. म्हणून पुलीवर ऑइल पेंटनं एक पांढरा पट्टा ओढा, संरक्षक जाळीतून दिसेल असा. रोटर थांबत आला की पट्टा फिरताना दिसतो, पूर्ण थांबला की एका जागी दिसतो. मग झाकणावरची पाटी अशी होते: "बंद. लॉक. पट्टा थांबला? मग हात."

यातलं लॉक पॅनेलवर करायचं, आणि दुसरी पाटीही तिथेच. लाल बटण दाबलं म्हणजे मशीन फक्त थांबलं, कोणीही हिरवं दाबून ते पुन्हा चालू करू शकतो. म्हणून मशीनची वीजच तोडणाऱ्या मेन आयसोलेटरचा दांडा खाली ओढायचा, त्याच्या भोकात कुलूप घालायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. मग हिरवं बटण एकदा दाबून बघायचं, मशीन चालू होता कामा नये. दोघांचे हात आत जाणार असतील तर कुलपं दोन, चाव्या दोन. कुलपाला पत्र्याची चिठ्ठी: "हात आत आहे. बंदच ठेव."

शब्द निवडताना एक गोष्ट सांभाळा. आपल्याकडे मशीनवर अहिराणी बोलणारा असतो, सातपुड्यातून आलेला पावरा असतो आणि हिंदी बोलणाराही असतो. "बंद", "लॉक", "चावी", "हात" हे शब्द सगळ्यांना कळतात. "खोल" मात्र फसवतो. हिंदीत तो उघड, मराठीत तो पाण्याची खोली. १९४८ च्या कारखाने कायद्यानं कलम १०८ मध्ये सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेतही लावायला सांगितल्या होत्या. समजेल त्या भाषेत, श्रोतेहो. आणि "कृपया" नको. कृपया हा शब्द लग्नपत्रिकेत शोभतो. मशीनवर तो पहिली जागा अडवतो, आणि पहिल्या जागी "बंद" हवं.

ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी चित्र. लाल गोल आणि आडवी रेघ म्हणजे करू नको. निळा गोल म्हणजे हे करच. पिवळा त्रिकोण म्हणजे धोका. कुलपाचं चित्र निळ्या गोलात काढा, म्हणजे रंग उडाला तरी अर्थ उलटा होत नाही.

अक्षर किती मोठं? पाटी जितक्या लांबून वाचायची, त्या अंतराच्या दोनशेव्या भागाइतकं धरा. पाच मीटरवरून वाचायचं तर २५ मिलिमीटर, म्हणजे साधारण एक इंच. ही उंची मूळ अक्षराची; वेलांटी, उकार वेगळे. आणि फ्लेक्सपेक्षा पेंटरकडून पत्र्यावर रंगवून घ्या. आपल्या गावोगावी चांगले पेंटर रिकामे बसलेत, त्यांचं अक्षर छपाईपेक्षा ठसठशीत असतं. दर उन्हाळ्यानंतर लाल रंग पुन्हा फिरवायला लावा.

पाटी तयार झाली की तपासा. नवा माणूस पाच मीटरवर उभा करा, दोन सेकंद पाटी दाखवा, मग झाका. "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. कुलूप घातलेल्या मशीनजवळ नेऊन म्हणा, "पट्टी अडकलीय. आता काय करशील, करून दाखव." तो आधी पॅनेलकडे गेला तर पाटी ठेवा. झाकणाकडे गेला तर ती उतरवा, आणि त्याची नजर कोणत्या शब्दावर थांबली ते त्यालाच विचारून नवी लिहा.