आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा स्लाइडशो: आठ मिनिटांत ऐंशी वर्षं कशी बसवायची?

नमस्कार मंडळी. घरात आजी किंवा आजोबांचा पंचाहत्तरावा, ऐंशीवा वाढदिवस आला की स्लाइडशोचं काम घरातल्या एकाच माणसावर येऊन पडतं. हा व्हिडिओ तुम्ही बघताय म्हणजे या वेळी ते तुमच्यावर पडलंय.

समजा, आजी ऐंशीची होतेय. सगळ्या नातेवाइकांकडून गोळा केलेले साडेसहाशे फोटो तुमच्या फोल्डरमध्ये आहेत. त्यांची नीट वाटणी करून बघा. लहानपणाचे दोन. लग्नाआधीचे आठ-दहा. मुलं लहान असतानाचे चाळीसेक. आणि उरलेले सगळे, म्हणजे जवळजवळ सहाशे, मोबाइल आल्यानंतरचे! हे सरळ ओळीने लावले तर पहिल्या मिनिटातच आजी साठीची होते आणि पुढे नुसते नातवंडांचे वाढदिवस सुरू राहतात.

म्हणून फोटो निवडायला बसण्याआधी वेळ वाटून घ्यायची.

[स्क्रीनवर: ८ मिनिटं = ४८० सेकंद]

एकूण आठ मिनिटं धरा. त्यापुढे मागच्या रांगेत गप्पा सुरू होतात. फोटो बघायचा, खालची ओळ वाचायची आणि त्यातली माणसं ओळखायची, याला सात सेकंद तरी हवेत. लग्नातल्या स्लाइडशोला तीन-चार सेकंद चालतात, इथे नाही. इथे प्रेक्षक ऐंशीचे आहेत. सहा प्रकरणांच्या पाट्यांना प्रत्येकी चार सेकंद दिले, तर बाकी वेळात पासष्ट स्लाइड्स बसतात.

आता प्रकरणं. ‘बालपण, तारुण्य, संसार, उतारवय’ ही नावं कुणाच्याही आजीला लागू पडतील, म्हणून ती नकोत. आयुष्य जिथे जिथे वळलं, तिथे प्रकरण बदला आणि नाव तिच्याच आयुष्यातून घ्या. आपल्या उदाहरणातली आजी अशी:

[स्क्रीनवर एकेक ओळ येते]
पाच भावंडांतली चौथी – ६ स्लाइड्स
नोकरी लागली – ७
दोघांचं घर – १०
तीन मुलं, चार बदल्या – १६
निवृत्तीनंतर पोहायला शिकली – १०
आजी – १६

शेवटच्या प्रकरणाला सोळाच मिळाल्या. पाचशे फोटोंमधून सोळा! इथे घरात भांडणं होतात, कारण प्रत्येकाला आपल्या मुलाचा फोटो हवा असतो. माझा नियम साधा आहे: फोटोत आजी काहीतरी करताना दिसली पाहिजे. केकमागे ओळीने उभं राहून कॅमेऱ्याकडे बघणारे फोटो एक-दोन पुरे.

खरी गंमत पहिल्या प्रकरणात आहे. फोटो दोनच, स्लाइड्स सहा. कसं जमवायचं?

समजा, त्यातला एक भावंडांचा ग्रुप फोटो आहे. तो आधी पूर्ण दाखवा. पुढच्या स्लाइडवर त्याच फोटोतला फक्त आजीचा चेहरा, मोठा करून. इतका वेळ ज्यांना ती सापडलेली नसते, त्यांना ती इथे सापडते. तिसऱ्या स्लाइडवर फोटोची मागची बाजू घ्या. जुन्या फोटोंच्या मागे स्टुडिओचा शिक्का, तारीख किंवा कुणाच्या तरी हातची नावं असतात, आणि ते अक्षर ओळखणारं कुणीतरी समोर बसलेलं असतं. चौथा, दुसरा फोटो. उरलेल्या दोन जागांवर शाळेचा दाखला, एखादं जुनं पत्र, तिने जपलेली एखादी वस्तू. त्यांचे फोटो आजच काढता येतात.

चेहरा मोठा करायचा असेल तर स्कॅन चांगला हवा. साडेतीन बाय पाच इंचांचा फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर साधारण १०५० बाय १५०० पिक्सेल मिळतात. पूर्ण फोटो दाखवायला तेवढे पुरतात. त्यातला चेहरा मोठा केला की मात्र सगळं धूसर होतं. छोटे फोटो ६०० वरच करा. स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, ऊन थेट पडू देऊ नका, फ्लॅश बंद करा आणि मोबाइल फोटोला अगदी समांतर धरा. चौकटीच्या कडा तिरक्या दिसल्या तर मोबाइल कललाय. आणि चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. निघत नसेल तर वरचा प्लास्टिकचा कागद उचलून पानासकटच फोटो घ्या.

स्कॅन झाले की एक घोळ होतो. फाइलवर स्कॅन केलेल्या दिवसाची तारीख पडते. कॉम्प्युटरला ‘तारखेप्रमाणे लाव’ म्हटलं की आजीचं लहानपण नातवाच्या मुंजीनंतर येतं. त्यामुळे फाइलच्या नावात चार आकडी नंबर द्या: पहिला आकडा प्रकरणाचा, पुढचे तीन दहा-दहाच्या अंतराने. म्हणजे ३०१०, ३०२०, ३०३०. आदल्या रात्री कुणी तरी ‘हा राहिलाच की!’ म्हणत एक फोटो पाठवणारच. तो ३०२५ म्हणून मध्ये जातो, बाकीचे हलवावे लागत नाहीत.

आता ओळी, म्हणजे कॅप्शन. फोटोत जे दिसतंय ते पुन्हा लिहायचं नाही.

[स्क्रीनवर: सायकल धरून उभी असलेली तरुण मुलगी]

इथे ‘तरुणपणीची आजी, सायकलसोबत’ असं लिहिलं तर ओळ फुकट गेली. ‘सायकल भावाची. चालवायची मात्र हीच.’ बघा, आता त्या भावाकडे सगळ्यांच्या माना वळणार. आठ-दहा शब्दांच्या पुढे जाऊ नका. ग्रुप फोटोत सगळ्यांची नावं लिहू नका. ‘डावीकडून दुसरी’ एवढं पुरतं. साल नक्की माहीत नसेल तर ठोकून देऊ नका, ‘थोरली शाळेत जायला लागली त्या सुमारास’ असं लिहा. ते जास्त खरंही वाटतं.

ही माहिती काढायला आजीच्या एखाद्या बहिणीला किंवा जुन्या मैत्रिणीला फोन करा. ‘हे कोण?’ विचारलं की नुसतं नाव मिळतं. ‘हा फोटो काढला कुणी?’, ‘त्या दिवशी काय होतं?’ असं विचारा, गोष्ट बाहेर येते. बोलणं रेकॉर्ड करू का, हे आधी विचारून घ्या.

त्याच माणसाला पूर्ण यादी एकदा दाखवा. गेलेलं मूल, तुटलेलं नातं, ज्याच्याशी अबोला आहे असा दीर, हे आपल्याला फोटोत दिसत नाही. गेलेल्या माणसांना वगळा असं मी म्हणत नाही. आजोबा नसतील तर ते ‘दोघांचं घर’मध्ये हवेतच. पण आजीला भर सभेत काय अचानक दिसू नये, हे तुमच्यापेक्षा तिच्या बहिणीला नीट कळतं.

शेवटी थोडं तांत्रिक. ओळ स्क्रीनच्या तळाशी ठेवू नका, पुढच्या रांगेतल्या डोक्यांमागे ती जाते. फोटोच्या वर, काळ्या पट्टीवर पांढऱ्या ठळक अक्षरात द्या. उभा फोटो ताणून आडवा करू नका, दोन्ही बाजूंना काळं राहू द्या. काही टीव्ही चारही कडा थोड्या कापतात, म्हणून अक्षरं कडेपासून जरा आत. आणि प्रेझेंटेशनची फाइल नेऊ नका, तिचा एमपी४ व्हिडिओ करून न्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तुमचा मराठी फॉन्ट नसेल तर ओळींची मांडणी बिघडते. व्हिडिओत ती भानगड नाही. तो पेनड्राइव्हवर घालून, ज्या टीव्हीवर दाखवायचाय त्याच टीव्हीवर आदल्या दिवशी पूर्ण चालवा. तेव्हा सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसा आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. जी ओळ संपण्याआधी फोटो बदलला, ती छोटी करा.