मोफत डिलिव्हरीला सोळा रुपये कमी पडतात तेव्हा

(सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, परवा सकाळी सूनबाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "बाबा, १९९ रुपयांच्या वर डिलिव्हरी फुकट आहे. आपले १७२ झालेत. काहीतरी टाकू या का, म्हणजे २५ रुपये वाचतील?" दूध ६०, पोहे ५२, टोमॅटो ३४ आणि कोथिंबीर-मिरची २६, असं ते सामान होतं. मी आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केलं, तरी क्षणभर मलाही वाटलं, टाकावं काहीतरी.

मग कागद घेतला. १९९ गाठायला कमी पडत होते २७ रुपये, आणि डिलिव्हरीचे होते २५. म्हणजे वाचणार २५ आणि त्यासाठी खर्च करायचे निदान २७. अशी कुठलीच वस्तू नाही, की जी टाकल्यावर एकूण बिल कमी होईल. इथे शोधाशोध करण्यातच अर्थ नव्हता. तूट डिलिव्हरीच्या आकारापेक्षा मोठी असली, की एकूण रक्कम वाढणारच.

चार दिवसांनी सामान १८३ रुपयांचं झालं. आता तूट १६ ची. डिलिव्हरीचे तेच २५, शिवाय हाताळणीचे ९ रुपये. हे ९ नीट बघा. ते १९९ च्या वर गेलं तरी माफ होत नव्हते, म्हणून ते वाचणाऱ्या पैशांत धरायचे नाहीत. काही टाकलं नाही तर १८३, २५ आणि ९ मिळून २१७. वीस रुपयांचा बिस्किटांचा पुडा टाकला तर २०३ आणि ९ मिळून २१२. म्हणजे पुडाही आला आणि पाच रुपये कमीही गेले. इथे खरोखर फायदा आहे, नाही म्हणू नका. पण ही फट केवढी अरुंद आहे बघा: वस्तू १६ रुपयांपेक्षा कमी नको आणि २५ च्या आतच हवी. आमच्या फोनवर मोफत डिलिव्हरीला किती कमी पडतात ते सांगणारी हिरवी पट्टी असते, तिच्याखाली सुचवलेल्या वस्तू होत्या चाळीस, पंचावन्न, नव्वद रुपयांच्या. चाळीसचे वेफर्स टाकले असते, तर बिल झालं असतं २३२. म्हणजे पंधरा रुपये जास्त.

इथे कुणी म्हणेल, चाळीसचे वेफर्स पंधरात पडले की! मला हा मुद्दा मोलाचा वाटतो, कारण घराघरांत चूक होते ती इथेच. वेफर्स तुम्ही आज-उद्या चाळीस देऊन घेणारच होतात, तर हो, पंचवीस वाचले. घेणार नव्हतात, तर खिशातून पंधरा जास्त गेले, एवढंच खरं. वेफर्सऐवजी ४५ ची साखर घेतली, तर बिल वीस रुपयांनी वाढलं तरी ती साखर घरात लागणारच आहे. पण तिथेही एक मेख आहे. साखर आज घेतली, की पुढच्या ऑर्डरमधून ती गेली. ती ऑर्डर मग १९९ च्या खाली घसरली, तर आज वाचलेले पंचवीस तेव्हा भरावे लागतील, किंवा पुन्हा काहीतरी टाकावं लागेल. साखर टिकते तरी. मर्यादा गाठायला घेतलेली पालकाची दुसरी जुडी तिसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते, मी पाहिलंय.

कूपन असेल तर आणखी जपा. काही ठिकाणी मर्यादा सूट वजा केल्यावरच्या रकमेवर मोजतात. २०३ वर वीस रुपयांचं कूपन लावलं, की १८३ उरतात आणि डिलिव्हरी पुन्हा बिलात येऊन बसते. म्हणून वरची हिरवी पट्टी वाचू नका. "बिलाचा तपशील" उघडा, वस्तू टाकून शेवटची रक्कम बघा, काढून पुन्हा बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

इथे एका ताईंनी विचारलं, "पण आमचं दोघांचंच घर. सामान रोज दीडशेच्या आसपासच असतं. मग काय, रोज पंचवीस भरायचे?"

ताई, तुमचं सामान आणि समोरच्या घरातलं सामान एकाच ऑर्डरमध्ये का नको? आमचेच दोन आकडे धरा. १७२ ची ऑर्डर वेगळी असली तर २५ आणि ९ धरून २०६ पडतात, १८३ ची वेगळी असली तर २१७, मिळून ४२३. तेच एकत्र मागवलं तर ३५५ आणि हाताळणीचे एकदाच ९, म्हणजे ३६४. एकही जादा वस्तू न घेता ५९ रुपये वाचले. मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघांत कितीतरी कुटुंबं एकत्र येऊन महिन्याचं सामान मागवत आली आहेत, ती काही फोनची वाट बघत थांबली नव्हती. आपल्या मजल्यावर चार दारं आहेत. सकाळी नऊच्या आत ज्याला जे हवं ते व्हॉट्सअॅपवर टाकायचं, एकाने मागवायचं, आणि बिलाचा फोटो लगेच सगळ्यांना पाठवायचा.