‘आम्ही केलं’ म्हणजे नक्की कोणी केलं?

मुलाखतीत ‘तुम्ही दबावाखाली काम करू शकता का?’ असं विचारलं, की उत्तर ‘हो’ येणारच. म्हणून घडून गेलेला प्रसंग विचारायचा. प्रसंग काय होता, त्यात तुमच्यावर कोणती जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत आणि त्यातून काय निष्पन्न झालं. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘स्टार’ म्हणतात. चारही गोष्टी विचारतात सगळे, पण तिसऱ्यावर फार लवकर समाधान मानतात.

मागे डिस्पॅच सुपरवायझरच्या जागेसाठी एक उमेदवार आले होते. म्हणाले, ‘गाड्या उशिरा सुटायच्या. आम्ही सगळ्यांनी मिळून प्रोसेस सुधारली.’ माझ्या शेजारी बसलेल्या मॅनेजरांनी लगेच ‘टीमवर्क चांगलं’ असं लिहून टाकलं! मी म्हटलं, ‘त्यातला एकच दिवस सांगा.’

‘दिवाळीच्या आधीचा. सहा गाड्या भरून उभ्या, पण बिलं तयार नाहीत.’

‘त्यात तुमच्याकडे काय होतं?’

‘गाड्या भरून घेणं. बिलं अकाउंट्सची.’

‘मग तुम्ही स्वतः सगळ्यात आधी काय केलंत?’

इथे ते थांबले. अशा वेळी आपल्याला राहवत नाही. आपण म्हणतो, ‘म्हणजे अकाउंट्सशी बोललात का?’ झालं, उत्तर आपणच देऊन टाकलं. दहा-पंधरा सेकंद गप्प बसा. मी बसलो. मग ते म्हणाले, ‘मी अकाउंट्समध्ये जाऊन बसलो. ते ऑर्डर आल्या त्या क्रमाने बिलं काढत होते. मी म्हटलं, गाडी भरते त्या क्रमाने काढा.’

‘फरक पडला हे कशावरून?’

‘गेटच्या रजिस्टरवरून. शेवटची गाडी आठला सुटायची, त्या आठवड्यात साडेपाचला सुटायला लागली.’

आता लिहायला काही तरी मिळालं. ‘प्रोसेस सुधारली’ एवढ्यावर थांबलो असतो, तर हा माणूस हातचा गेला असता. ‘आम्ही’ म्हणणारा दरवेळी दुसऱ्याचं श्रेय लाटत नसतो. ‘मी मी’ करू नये हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. म्हणून ‘आम्ही’ला गुण कापू नका, फक्त ‘त्यातलं तुमचं कोणतं?’ एवढं विचारा.

क्रियापदाकडेही कान ठेवा. ‘मी सगळ्यांशी बोलतो’ ही सवय झाली, ‘बोललो असतो’ हा नुसता विचार, आणि ‘ठरवलं गेलं’ यात तर माणूसच नाही. ‘बोललो’ ऐकू येईपर्यंत तोच प्रश्न शांतपणे पुन्हा विचारायचा. मात्र दोन-तीनदा विचारूनही आलं नाही, तर दुसरा प्रसंग मागा, उलटतपासणी करू नका. घाबरलेल्या माणसालाही आठवत नाही. तरीही काही मिळालं नाही, तर कागदावर ‘पुरावा मिळाला नाही’ असं लिहा. ‘क्षमता नाही’ असं लिहू नका.