व्हिडिओ आपोआप चालला, मग व्ह्यू का नाही वाढला? म्यूट, एम्बेड आणि प्ले बटणाची भानगड

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली मी सहज बोलून गेले होते की एम्बेडचे व्ह्यूसुद्धा मोजले जातात. तेव्हापासून कमेंटमध्ये नुसती जुंपली आहे. एक दादा म्हणतात, "ताई, खोटं बोलताय. माझ्या वेबसाइटवर व्हिडिओ दिवसभर चालतो, आकडा हलत नाही." त्यांच्या खालीच दुसरे म्हणतात, "माझे तर मोजले जातात." दोघं तीन दिवस भांडतायत आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतायत.

एम्बेड म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. यूट्यूबवरचा व्हिडिओ दुसऱ्या वेबसाइटच्या पानात बसवायचा. म्यूट प्रिव्ह्यू म्हणजे यूट्यूबच्या होम पानावर थंबनेलवर थांबलात की आवाजाविना जे चालू होतं ते. झालं, पुढे जाऊ.

आता पहिला गैरसमज. कमेंटमध्ये निम्म्या लोकांनी लिहिलंय, "म्यूट असेल तर व्ह्यू धरत नाहीत." नाही हो! बिचाऱ्या म्यूटवर उगाच आळ येतोय. तुम्ही ग्रंथालयात बसून आवाज बंद करून, सबटायटल वाचत माझा व्हिडिओ पाहिलात तर तो पाहिलाच की. प्रश्न आवाजाचा नाहीच. प्रश्न असा आहे की व्हिडिओ सुरू कोणी केला? माणसाच्या बोटाने, की पानाने स्वतःहून?

मग हे म्यूटचं खूळ आलं कुठून? ब्राउझरमधून. एप्रिल 2018 मध्ये क्रोमची 66 वी आवृत्ती आली आणि तिने आवाजासकट आपोआप वाजणाऱ्या व्हिडिओंना लगाम घातला. पान उघडताच कुठल्या तरी कोपऱ्यातून जाहिरात किंचाळायची, आठवतं? ते थांबवायला. नियम साधा होता: आवाज बंद असेल तर आपोआप चाल, आवाज हवा असेल तर आधी माणसाने त्या साइटवर काहीतरी दाबलेलं वगैरे असू दे. म्हणून वेबसाइटवाल्यांनी `autoplay=1` च्या शेजारी `mute=1` चिकटवायला सुरुवात केली. दोघं कायम जोडीने दिसतात. त्यामुळे व्ह्यू अडतो ऑटोप्लेमुळे आणि नाव होतं म्यूटचं.

[स्क्रीनवर कोड]

```
<iframe src="https://www.youtube.com/embed/VIDEO_ID?autoplay=1&mute=1"></iframe>
```

बघा, हा तो एम्बेड. यातला शेवटचा `?autoplay=1&mute=1` हा तुकडा तुमचे व्ह्यू खातो. यूट्यूबच्या डेव्हलपरसाठीच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय की प्लेअरच्या स्वतःच्या प्ले बटणाने सुरू झालेलं प्लेबॅकच अधिकृत व्ह्यूमध्ये धरलं जातं. "प्लेअरच्या स्वतःच्या" हे शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा व्हिडिओ त्या शब्दांवरच आहे.

मी स्वतः यात आपटले आहे. माझ्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर चॅनलची ओळख करून देणारा व्हिडिओ होता. मला वाटलं, लोकांना दाबायचे कष्ट कशाला? ऑटोप्ले लावला. पानावर माणसं येतायत, व्हिडिओ चालतोय, मी खूश. आणि तिकडे व्ह्यूचा आकडा ढिम्म. मी तर आधी समजले यूट्यूब स्टुडिओच बिघडलाय! बिघडलं काही नव्हतं, माझंच डोकं चाललं नव्हतं.

आकड्यांत बघू. समजा तुमच्या पानावर हजार माणसं आली. साधा एम्बेड असता, तर त्यातल्या सत्तर जणांनी प्ले दाबलं असतं. म्हणजे सत्तर प्लेबॅक मोजायला पात्र. आता ऑटोप्ले लावला. व्हिडिओ हजार वेळा चालला, पण त्यातलं एकही प्लेबॅक बटणाने सुरू झालेलं नाही. आणि खरी मेख इथे आहे: ते सत्तर लोकसुद्धा गेले! कारण व्हिडिओ आधीच चालू आहे, ते प्ले कशाला दाबतील? दाबलं तर स्पीकरचं चिन्ह दाबतील. म्हणजे ऑटोप्लेने नवे व्ह्यू दिले नाहीतच, वर ज्यांनी मनापासून दाबलं असतं त्यांच्या बोटाखालून बटण काढून घेतलं.

हेच जरा दुसऱ्या बाजूने. काही जण म्हणतात, "मी ऑटोप्ले लावलेला नाही, पण व्हिडिओखाली स्वतःचं छान बटण केलंय, 'व्हिडिओ पाहा' असं. माणूस ते दाबतो. बोट आहे की!" बोट आहे, पण ते प्लेअरवर पडलं नाही. तुमचं बटण मागच्या दाराने `player.playVideo()` अशी आज्ञा पाठवतं. प्लेअरला फक्त आज्ञा आलेली दिसते. ती माणसाने दिली की प्रोग्रॅमने रात्री तीन वाजता दहा हजार वेळा दिली, यात फरक कसा करायचा? म्हणून तुमचं बटण कितीही सुंदर असलं तरी त्या नियमात ते बसत नाही.

आणि तिसरी बाजू, सगळ्यात फसवी. यात चांगले चांगले वेबसाइटवाले अडकतात. यूट्यूबचा प्लेअर जड असतो, पान हळू उघडतं. म्हणून हुशार लोक काय करतात, तिथे आधी प्लेअर ठेवतच नाहीत. थंबनेलचं नुसतं चित्र ठेवतात आणि वर प्लेचा त्रिकोण काढतात. अगदी यूट्यूबसारखा. तुम्ही त्रिकोण दाबला की मग मागून खरा प्लेअर येतो, आणि तुम्हाला दोनदा दाबायला लागू नये म्हणून तो येताना `autoplay=1` घेऊनच येतो. पाहणाऱ्याला वाटतं मी प्ले दाबलं. खरं तर त्याने चित्र दाबलं. खरा प्लेअर आला तेव्हा तो आधीच चालू होता.

हे ओळखायचं कसं? सोपं आहे. कॉम्प्युटरवर त्या थंबनेलवर राइट-क्लिक करा. चित्र सेव्ह करायचा पर्याय आला, तर ते चित्र आहे. यूट्यूबचा स्वतःचा मेनू आला, ज्यात `Stats for nerds` असं दिसतं, तर तो खरा प्लेअर आहे. एवढंच. मला वाटतं या राइट-क्लिकने निम्मी भांडणं मिटतील. मिटणार नाहीत म्हणा, कमेंट वाचते ना मी.

एका ताईंनी रागावून लिहिलंय, "एवढा कडकपणा कशाला?" अहो, सूट दिली तर काय होईल बघा. मी पानाच्या तळाशी, कोणाला दिसणारही नाही असा इवलासा प्लेअर लपवीन आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नावावर व्ह्यू घेईन. म्हणूनच एम्बेडच्या अटींमध्ये प्लेअर किमान 200 बाय 200 पिक्सेलचा हवा असं आहे, ऑटोप्लेचा प्लेअर अर्ध्याहून जास्त दिसत असायला हवा असं आहे, आणि एका पानावर एका वेळी एकाहून जास्त प्लेअर आपोआप चालवायचे नाहीत असंही आहे. पूर्वी तर आकडा 301 वर येऊन अडकायचा, आठवतंय का? त्याच्या पुढचे व्ह्यू खरे की खोटे ते तपासेपर्यंत आकडा गोठवून ठेवायचे. 2015 मध्ये ते बंद झालं. मला त्या 301 ची अजून आठवण येते, पण ते जाऊ दे.

आता होम पानावरचे म्यूट प्रिव्ह्यू. इथे प्लेअर यूट्यूबच्या स्वतःच्या घरात आहे, त्यामुळे गणित वेगळं. स्क्रोल करताना थंबनेलवर दोन सेकंद झलक चालली, तो व्ह्यू नाही. ती फार तर इम्प्रेशन आहे. थंबनेल निम्म्याहून जास्त एका सेकंदाहून अधिक दिसलं की इम्प्रेशन धरतात. पण एखादा तिथेच थांबून, आवाज न लावता, सबटायटल वाचत खरोखर बघत राहिला, तर ते पाहणं धरलं जातं. किती सेकंदांनी, ते यूट्यूब जाहीर करत नाही. "तीस सेकंद, तीस सेकंद" असं जे सगळे छातीठोकपणे सांगतात, तो आकडा जाहिरातींच्या हिशेबातला आहे. वगळता येणारी जाहिरात तीस सेकंद, किंवा छोटी असेल तर पूर्ण पाहिली की जाहिरातदाराच्या खात्यात व्ह्यू पडतो. तोच आकडा लोकांनी उचलून सगळीकडे लावला. कृपा करून माझ्या कमेंटमध्ये तीस सेकंद लिहू नका. लिहाल, मला माहीत आहे.

गोंधळ वाढतो कारण "व्ह्यू" हा शब्द एकच आणि मापं निराळी. फेसबुकवर फीडमध्ये आवाजाविना आपोआप चाललेला व्हिडिओ तीन सेकंद झाले की व्ह्यूत जायचा. बोट लावायची गरजच नाही. यूट्यूबच्या शॉर्ट्समध्ये तर 31 मार्च 2025 पासून शॉर्ट नुसता सुरू झाला की व्ह्यू, किती वेळ पाहिला याची अट नाही. मात्र पैसे आणि कमाईची पात्रता `Engaged views` या वेगळ्या आकड्यावर ठरते. तेव्हा मैत्रिणीच्या शॉर्टचे व्ह्यू आणि तुमच्या वेबसाइटवरच्या एम्बेडचे व्ह्यू शेजारी ठेवून रडू नका.

आता तपासायचं कसं ते दाखवते. स्टुडिओत `Analytics`, तिथून `Advanced mode`. बरेच जण इथे ट्रॅफिक सोर्समधलं `External` बघतात आणि म्हणतात, "हे माझे एम्बेडचे व्ह्यू." थांबा! `External` मध्ये एम्बेडही येतात आणि बाहेरच्या साइटवरची लिंक दाबून यूट्यूबवर आलेलेही येतात. दोघांची खिचडी. तुम्हाला `Playback location` हवं. व्हिडिओ नक्की कुठे चालला, यूट्यूबच्या पानावर की बाहेर एम्बेडमध्ये, ते तिथे सुटं दिसतं.

मग एक आठवडा पान आहे तसं ठेवा, ऑटोप्लेसकट. पुढचा आठवडा त्या ओळीतून `?autoplay=1&mute=1` उडवा, बाकी कशाला हात लावू नका. दोन्ही आठवड्यांत पानावर किती माणसं आली हेही लिहून ठेवा, नाहीतर गर्दी वाढली म्हणून व्ह्यू वाढले आणि श्रेय मला द्याल. आकडे यायला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा त्याच संध्याकाळी मला "ताई, काही फरक नाही" असं लिहू नका.

आणि ते भांडणारे दादा. मी दोघांचीही पानं उघडून राइट-क्लिक केलं. ज्यांचे व्ह्यू मोजले जातायत त्यांच्याकडे `Stats for nerds` दिसलं. ज्यांचा आकडा हलत नाही त्यांच्याकडे चित्र सेव्ह करायचा पर्याय आला. दादा, तुमच्या डेव्हलपरला हा व्हिडिओ पाठवा. आणि हो, लिंक पाठवा, एम्बेड करून नको.